बायो कंपनीच्या पानावर, पण माणूस तर मीच ना?

पत्र

मी ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत २००७ पासून आहे, आता सोलापूर विभागाची सगळी सर्व्हिस माझ्याकडे आहे. कंपनीच्या मराठी वेबसाइटवर 'आमची माणसं' असं पान येतंय, प्रत्येकाने आपला बायो द्यायचा. मी लिहून दिलं: 'मी सांगोल्याच्या डाळिंबवाल्या घरातली. घरची दीड एकर बाग अजून मीच छाटते. शेतकऱ्याचा फोन आला की शेतात जाते, लॅटरलच्या नळीची एंड कॅप काढते, पाणी हातावर घेते आणि मगच बोलते. ट्रेनिंगला एकच सांगते, संच आमचा असंल पण पाणी तुमचं हाय.' पुढे सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर इथली कामं आणि दोन शेतकऱ्यांची नावं होती.

पुण्याच्या कंटेंट टीमकडून परत आलं ते असं: 'सौ. अबक यांना कृषी क्षेत्रातील १८ वर्षांहून अधिक प्रदीर्घ अनुभव असून त्या ग्राहककेंद्रित सेवा पुरवण्यास सदैव कटिबद्ध आहेत. फावल्या वेळात त्यांना वाचन, संगीत व प्रवासाची आवड आहे.' मला संगीताची आवड आहे हे मलाच माहीत नव्हतं! सोबत स्टाइल गाईडचं एक पान होतं: तृतीय पुरुष, ७० ते ९० शब्द, पहिल्या वाक्यात नाव, हुद्दा, विभाग, प्रमाण मराठी, विशेषणं टाळावीत, ग्राहकांची नावं नकोत, शेवटी एक वैयक्तिक ओळ, ऐच्छिक. नियम मोडायचे नाहीयेत, पण हे वाचून माझ्या टीममधली पोरंसुद्धा म्हणाली, मॅडम ह्या कोण? वाद घालू की गप सही करून टाकू?

— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर

सही करू नका, आणि वाद पण घालू नका. आधी एक काम करा, ते गाईडचं पान आणि परत आलेला बायो शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येक शब्दाला विचारा की तू नियमातून आलास की कुणाच्या सवयीतून. मी बरीच वर्षं कंपन्यांच्या वेबसाइटचा मजकूर तपासायचं काम केलंय, आणि असं शेजारी ठेवून बघितलं की बहुतेक वेळा जे निघतं तेच तुमच्या बाबतीत निघतंय. 'विशेषणं टाळावीत' असं गाईड म्हणतं, आणि तुमच्या बायोमध्ये 'प्रदीर्घ' आहे, 'ग्राहककेंद्रित' आहे, वर 'कटिबद्ध' पण आहे. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात यातलं एकही नव्हतं. म्हणजे या एका नियमाच्या बाबतीत तुमचा मूळ मजकूर गाईडला जास्त धरून होता. वैयक्तिक ओळ 'ऐच्छिक' आहे, म्हणजे नसली तरी चालते, मग वाचन-संगीत-प्रवास कुठून आलं? ते साच्यातून आलं, कुणीतरी एकदा नमुना म्हणून बनवलेल्या फाइलमधून, आणि तो नमुना गाईडचा भाग नाहीये.

म्हणून तुम्ही जे गृहीत धरलंय, की एकीकडे नियम आणि दुसरीकडे मी, ते मला तितकंसं पटत नाही. इथे तीन गोष्टी एकमेकांत मिसळल्यात. एक लिहिलेला नियम. दुसरा न लिहिलेला नमुना, जो सगळ्यांना सारखाच चिकटवला जातो. तिसरी ज्याने एडिट केलं त्याची स्वतःची आवड, त्याला 'असून', 'कटिबद्ध' हे शब्द भारदस्त वाटतात, शाळेपासून आपल्याला तसंच शिकवलंय ना, अर्ज लिहायचा तर असाच. पहिल्यापुढे मान तुकवायची, दुसऱ्याला प्रश्न विचारायचा आणि तिसऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचं. पण ही वेगळी वेगळी करता आली पाहिजेत, नाहीतर 'माझा बायो बदलला' अशी तक्रार जाते आणि समोरचा म्हणतो 'गाईड आहे मॅडम', विषय संपतो.

आता नियमांचंच बघू, कारण त्यांच्यामागे कारणं आहेत आणि ती कळली की राग बराच कमी होतो. तृतीय पुरुष हवा असतो कारण हा बायो फक्त त्या पानावर राहत नाही. उद्या तुम्ही कृषी प्रदर्शनात बोलायला गेलात की सूत्रसंचालक हाच मजकूर माईकवर वाचणार, टेंडरच्या कागदांत 'आमची टीम' म्हणून हाच जाणार, पेपरला बातमी दिली तर खाली हाच जोडणार. तिथे 'मी सांगोल्याच्या घरातली' असं दुसऱ्याच्या तोंडी विचित्र वाटेल. शेतकऱ्यांची नावं नकोत हे तर अगदी बरोबर आहे, तुम्हाला ती माणसं घरच्यासारखी आहेत म्हणून तुम्ही लिहिलीत, पण त्यांना विचारलं होतं का की कंपनीच्या जाहिरातीत तुमचं नाव-गाव टाकू? त्यातला एखादा उद्या दुसऱ्या कंपनीचा संच बसवेल आणि त्याचं नाव तुमच्याच पानावर राहील. तालुक्यांची नावं ठेवा, माणसांची काढा. शब्दमर्यादेचं कारण पान कसं दिसतं ते आहे, सगळे चौकोन एका उंचीचे दिसायला हवेत आणि मोबाइलवर तर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं 'अधिक वाचा'च्या आत जातं. हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग होणार आहे.

प्रमाण मराठीचा नियम तुम्हाला सगळ्यात जास्त लागलाय असं पत्रावरून वाटतं, त्यावर नंतर येते.

आधी तो मोठा गैरसमज, की 'मी' गेला की आवाज गेला. 'मी' घालूनही बायो कसा अगदी कुणाचाही होऊ शकतो बघा: 'मी ग्राहकांना उत्तम सेवा देण्यासाठी कटिबद्ध आहे.' यात 'मी' आहे, तुम्ही कुठे आहात? आणि 'मी' काढून: 'शेतात गेल्यावर त्या आधी लॅटरलची एंड कॅप काढतात आणि येणारं पाणी तळहातावर घेऊन बघतात.' इथे 'त्या' आहे, आदरार्थी बहुवचन आहे, सगळं गाईडप्रमाणे आहे आणि तरी तुमच्या टीममधली पोरं नाव झाकून सांगतील की ह्या आमच्या मॅडम. म्हणजे आवाज होता तो कुठली गोष्ट सांगायची या निवडीत, कुठलं क्रियापद घ्यायचं त्यात आणि कुठलं वाक्य आधी ठेवायचं त्यात. या तिन्हींबद्दल तुमचं गाईड एक अक्षर बोलत नाही. ही सगळी जागा तुमची आहे आणि तुम्ही ती न मागताच सोडायला निघाला होतात.

क्रियापदावर थोडं थांबते, कारण मराठीत सरकारी वास येतो तो तिथूनच. परत आलेल्या बायोमध्ये एकूण क्रियापदं किती जिवंत आहेत बघा. 'अनुभव असून', 'पुरवण्यास कटिबद्ध आहेत', 'आवड आहे'. सगळीकडे 'असणे'. कुणी काही करतच नाहीये. तुमच्या मूळ मजकुरात जाते, काढते, घेते, बोलते, छाटते, सांगते, प्रत्येक वाक्यात हात हलतोय. तृतीय पुरुषात नेताना लोक 'मी' च्या जागी 'त्या' लावून थांबत नाहीत, सोबत अख्खं वाक्य नामांमध्ये बदलून टाकतात, 'दुरुस्ती करतात' चं 'दुरुस्तीविषयक सेवा पुरवल्या जातात' होतं. असं करायची गरज नाहीये. जाते चं जातात, काढते चं काढतात, बस, इतकंच बदला, बाकी वाक्य तसंच राहू द्या. आणि 'त्या' प्रत्येक वाक्यात लिहायची पण गरज नाही, मराठीत क्रियापदावरून कर्ता कळतो, एकदा नाव आलं की पुढची दोन-तीन वाक्यं सर्वनाम गाळूनही छान चालतात, मग ते कुणीतरी दुरून गौरव करतंय असं वाटत नाही.

'१८ वर्षांहून अधिक' हे पण बदला. वेबसाइटवरचे बायो एकदा चढले की वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, तीन वर्षांनी तिथे १८ च असेल आणि तुम्ही २१ वर पोचलेल्या असाल. '२००७ पासून' लिहिलं की ते कधीच जुनं होत नाही. कंटेंट टीमला हे आवडतं पण, त्यांचं एक काम वाचतं, त्यामुळे हा बदल सुचवताना 'गाईडसाठीही चांगलं' असं जरूर सांगा. 'सौ.' चं पण विचारा, पुरुष सहकाऱ्यांच्या नावामागे 'श्री.' लावलंय का आणि गाईडमध्ये उपाधीबद्दल काही आहे का. तुम्ही दिलेल्या यादीत तरी काही दिसत नाही. नसेल तर नुसतं नाव सगळ्यात स्वच्छ.

आता बोलीचं. 'पाणी तुमचं हाय' हे वाक्य तुमच्या पत्रातलं सगळ्यात भारी वाक्य आहे असं मला वाटलं. ते जाऊ नये. गाईड म्हणतं प्रमाण मराठी, तर वाट अशी आहे की हे वाक्य अवतरणात घाला, तुमच्या तोंडचं म्हणून. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनाचे नियम आहेत, ज्यांना धरून अजून बहुतेक प्रमाण लेखन चालतं, त्यांतसुद्धा कुणाच्या तोंडी बोली घालायची असेल तर ती उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. म्हणजे बायोचं निवेदन प्रमाण, आतलं बोलणं तुमचं, आणि नियम कुठे मोडला नाही. कंटेंट टीमला हे सांगितलंत तर त्यांनाही वर उत्तर द्यायला आधार मिळतो.

पण इथे मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे आणि तो जरा मनावर घ्या. त्या पानावर समजा तीस जणांचे बायो आहेत, एकोणतीस प्रमाण मराठीत आणि एकट्या तुमच्या बायोमध्ये 'हाय'. वाचणाऱ्याला तुम्ही दिसाल की तो 'हाय' दिसेल? गावाकडच्या बोलीला आपल्याकडे नाटक-सिनेमात हसण्यासाठी इतकं वापरलंय की शहरातला वाचक नकळत गालात हसतो, आणि तुमचं वाक्य तर हसण्याचं नाहीये, ते कामाचं आहे. तुम्ही खरंच ट्रेनिंगला असंच बोलत असाल, तुमच्या शेतकऱ्यांनी हा बायो वाचल्यावर 'ही आपलीच' असं त्यांना वाटावं अशी तुमची इच्छा असेल, तर ठेवा, बेधडक ठेवा. पण आपण गावचे आहोत हे पुण्याला दाखवायला म्हणून ठेवत असाल तर मी म्हणेन 'आहे' करा. 'संच आमचा असला तरी पाणी तुमचं आहे' यातही वाक्याची चाल तुमचीच आहे, आमचा आणि तुमचं हे समोरासमोर ठेवणं तुमचंच आहे. नक्की काय करायचं ते तुम्हीच ठरवा, एडिटरला ठरवू देऊ नका, आणि मलाही नाही.

तुमच्या पत्रातलंच सामान घेऊन मी एक बांधणी करून बघितली. नावाच्या जागी अबकच ठेवते:

> अबक या सोलापूर विभागाच्या विक्रीपश्चात सेवा प्रमुख आहेत. शेतात गेल्यावर त्या आधी लॅटरलचे टोक उघडतात आणि येणारे पाणी तळहातावर घेऊन पाहतात. बिघाड फिल्टरचा आहे की क्षारांचा, हे बऱ्याचदा तिथेच समजते. २००७ पासून त्यांनी सांगोला, मंगळवेढा आणि पंढरपूर तालुक्यांतील बागांचे ठिबक संच बसवले, दुरुस्त केले आणि शेतकऱ्यांना ते स्वतः दुरुस्त करायला शिकवले. 'संच आमचा असंल, पण पाणी तुमचं हाय,' असे त्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. घरच्या दीड एकर डाळिंबाची छाटणी त्या स्वतः करतात.

सत्तरच्या वर आणि ऐंशीच्या आत शब्द आहेत. पहिल्या वाक्यात नाव, हुद्दा, विभाग, जसं गाईडला हवं तसं, त्या वाक्यात काही करामत करू नका, ते कोरडं असू दे, तिथे वाचकाला फक्त तुम्ही कोण एवढंच कळायचंय. हुद्दा मी अंदाजाने लिहिलाय, तुमच्या नियुक्तीपत्रात जसा आहे अक्षरशः तसाच टाका, हुद्द्याच्या बाबतीत गाईडशी कधीच झटापट करू नये.

दुसरं वाक्य मात्र मुद्दाम तिथे ठेवलंय. मोबाइलवर 'अधिक वाचा'च्या आधी जेवढं दिसतं त्यात ते यायला हवं. बहुतेक बायोंमध्ये दुसऱ्या जागेवर डिग्री किंवा वर्षं येतात आणि खरी गोष्ट शेवटी जाते, जिथे कुणी पोचतच नाही. आणि 'फिल्टरचा आहे की क्षारांचा' हे मी जोडलंय, ते तुमच्याकडून तपासून घ्या, माझा विचार असा की नुसतं 'पाणी हातावर घेतात' वाचून शहरातल्या माणसाला ते फक्त भावुक वाटेल, पण पाण्यात गाळ-शेवाळ आलं तर फिल्टरकडे बघायचं आणि पाणी स्वच्छ येऊनही ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर असेल तर क्षारांकडे, हे कळलं की त्यात तुमचं कसब दिसतं. बायोत इतकं सविस्तर नको, पण त्या अर्ध्या वाक्याने वाचणाऱ्याला कळतं की ही बाई उगाच पाण्याला हात लावत नाहीये. 'बऱ्याचदा' पण जाणूनबुजून ठेवलंय, 'नेहमी' लिहिलंत तर तो दावा होतो आणि कंपनीची लीगल टीम तिथे बरोबर बोट ठेवते.

चौथ्या वाक्यात 'बसवले, दुरुस्त केले, शिकवले' एवढ्या तीन क्रियापदांत सगळी कारकीर्द आली. इथे मोह होईल की अजून घालावं, बेस्ट सर्व्हिस अवॉर्ड, जिल्ह्यातला पहिला अमुक प्रकल्प वगैरे. घालायचंच असेल तर एक घाला, आणि दुसरं काहीतरी काढा. शेवटची ओळ छंदाची नाही हे बघा. घरची बाग छाटणं हा छंद थोडाच आहे, पण गाईड 'वैयक्तिक ओळ' म्हणतं, छंद म्हणत नाही, आणि जिच्या स्वतःच्या बागेत ठिबक आहे तिचं म्हणणं शेतकरी वेगळ्या कानाने ऐकतो. तुमच्या बागेत ठिबक आहे हे मी धरून चालले आहे, नसेल तर तेवढं वाक्य तुम्हीच परत बघा.

आता हे परत पाठवायचं कसं. पूर्ण नवा मजकूर मेलमध्ये टाकून 'कृपया हा घ्या' म्हणू नका, तसं केलं की ते पुन्हा त्यांच्या नमुन्यात ओतणार. त्यांच्याच फाइलमध्ये, प्रत्येक बदलाला शेजारी कॉमेंट टाका आणि त्यात गाईडचा शब्द वापरा. 'प्रदीर्घ, ग्राहककेंद्रित, कटिबद्ध: विशेषणे टाळावीत या नियमानुसार काढले.' 'शेतकऱ्यांची नावे काढली, फक्त तालुके ठेवले.' 'संगीताची आवड ही माहिती चुकीची आहे, वैयक्तिक ओळ बदलली.' ही शेवटची कॉमेंट तर आवश्यकच आहे, ही शैलीची गोष्टच नाही, तुमच्या नावावर खोटी माहिती छापली जातेय, ती दुरुस्त करून मागणं हा तुमचा साधा हक्क आहे. आणि अवतरणासाठी एकच प्रश्न विचारा: 'कर्मचाऱ्याच्या तोंडचे वाक्य अवतरणात द्यायला गाईडची हरकत आहे का? यादीत तसे काही दिसले नाही.' प्रश्न विचारलात की त्यांना गाईड उघडून बघावं लागतं. 'गाईडमध्ये आहे' आणि 'आम्हाला तसं वाटतं' हे दोन्ही तुम्हाला लेखी मिळेल आणि कुठे काय बोलायचं ते कळेल.

सवलत मागायची तर एकच मागा. बोली ठेवायची असेल तर बाकी सगळं, शब्दमर्यादा, क्रम, तृतीय पुरुष, काटेकोर पाळा, म्हणजे त्यांना तुमच्यासाठी एकाच ठिकाणी हो म्हणायचंय. पाच सवलती मागितल्या की पाचही जातात, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून बघितलंय, तिथे बसलेल्या पोरीला दोनशे बायो शुक्रवारपर्यंत चढवायचे असतात आणि जो बायो नियमात बसतो तो ती आनंदाने आहे तसा चढवते. ती तुमच्या विरोधात नसते. नमुना वापरते कारण अर्ध्या लोकांनी तिला नुसतं पद आणि फोन नंबर पाठवलेला असतो.

एक तांत्रिक अडचण पण येऊ शकते. शब्द मर्यादेत असूनही फॉर्म 'मजकूर मोठा आहे' म्हणून घेत नाही, असं मराठी मजकुराचं होतं. शब्दांची मर्यादा गाईडमध्ये असते पण वेबसाइटचा फॉर्म कॅरेक्टर मोजतो, आणि देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षर जोडणारा हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'क्षार' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, फॉर्मला पाच. ती मर्यादा इंग्रजी मजकूर डोळ्यासमोर ठेवून लावली असेल तर मराठीला ती कमी पडते. अशा वेळी घाईघाईत चांगलं वाक्य कापू नका, टीमला सांगा की मराठी पानासाठी मर्यादा वाढवून द्या, सेटिंगमधला आकडा आहे तो बहुतेक ठिकाणी.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण म्हणतील की यांचं ठीक आहे, शेत आहे, पाणी आहे, आम्ही अकाउंट्समध्ये आहोत, आमच्या कामात काय सांगण्यासारखं? तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. तुम्ही एखादं काम हातात घेतल्यावर सगळ्यात आधी काय बघता? ऑफिसमधले लोक कुठल्या गोष्टीसाठी बाकी कुणाकडे न जाता तुमच्याकडे येतात? आणि तुमच्या हातून कुठली गोष्ट तशीच पुढे जात नाही? एकाही उत्तरात 'समर्पित' किंवा 'उत्साही' असला शब्द येऊ देऊ नका, हात काय करतो ते लिहा. एखादी अकाउंट्सवाली लिहील, 'महिनाअखेरीला त्या आधी बँकेची जुळवणी उघडतात, पगार आणि जीएसटी नंतर.' झालं, तृतीय पुरुष, प्रमाण मराठी, एकही विशेषण नाही, आणि माणूस दिसला. नव्याने लागलेल्यांना सांगण्यासारखं मागचं काम नसेल तर त्यांनी आत्ता कुठलं काम शिकतोय ते नेमकं लिहावं, 'गतिमान वातावरणात प्रगती करण्यास उत्सुक' लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि त्या ८० शब्दांत सगळं आयुष्य बसवायचा प्रयत्न कुणीच करू नये. ते पान कंपनीचं आहे, नोकरी सोडलीत की तुमचा चौकोन तिथून जाणार. 'मी सांगोल्याच्या डाळिंबवाल्या घरातली' हे वाक्य 'मी' सकट जिथे शोभेल अशा जागा तुमच्या स्वतःच्या आहेत, लिंक्डइनवर टाका, तिथे गाईड नाही, पूर्ण मजकूर टाका, हाय सकट. फक्त हुद्दा आणि वर्षं दोन्हीकडे सारखी असू देत, कुणी पडताळून बघितलं तर गोंधळ नको.

शेवटचं, कंपनीची इंग्रजी वेबसाइट पण असेलच. तुमचा मराठी बायो मान्य झाला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण इंग्रजी बऱ्याचदा जुन्या फाइलवरून आधीच केलेलं असतं, म्हणजे तिथे तुम्ही अजून संगीतप्रेमी आणि कटिबद्ध असाल. पान चढायच्या आधी इंग्रजी मजकूर मागवून घ्या आणि दोनच गोष्टी बघा, तळहातावरचं पाणी तिथे आहे का आणि तुमचं अवतरण तिथे आहे का. नसेल तर परत त्याच फाइलमध्ये, त्याच पद्धतीने, शेजारी कॉमेंट टाका.